तंबाखू सुटली, मग तलफ का येते?

माझ्या मामाला तंबाखू सोडून १४ महिने झाले. तीस वर्षं रोज दहा-बारा बार लावणारा माणूस, पण डॉक्टरनी तोंडातला पांढरा चट्टा दाखवला आणि त्याच दिवशी डबी नाल्यात फेकली. परवा आम्ही गावात पारावर बसलेलो, शेजारचा एक जण तळहातावर चुना लावून अंगठ्याने मळायला लागला, मग दुसऱ्या हाताने टप टप करून फक्की झटकली, बस एवढंच. मामाच्या तोंडाला पाणी सुटलं, हात आपोआप खिशाकडे गेला, जिथे गेले १४ महिने डबी नाहीये. नंतर म्हणाला, "इच्छाशक्तीच नाही रे माझ्यात." मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं, कारण चूक त्याची नाहीच, आत काय झालंय ते त्याला कोणी सांगितलंच नाही.

तर आधी निकोटिन काय करतं ते बघू. तंबाखूत चुना घालतात त्याचंही कारण आहे, चुन्यामुळे निकोटिन अशा रूपात येतं की ते गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून पटकन रक्तात शिरतं. तिथून मेंदूत. मेंदूचं स्वतःचं एक रसायन आहे, ॲसिटिलकोलिन, त्याच्यासाठी पेशींवर कुलपं असतात ज्यांना रिसेप्टर म्हणतात, आणि निकोटिन त्यातल्या काही कुलपांना नकली किल्लीसारखं लागतं. फरक असा की ॲसिटिलकोलिनचं काम झालं की एक एन्झाइम त्याला लगेच तोडून टाकतं, निकोटिनला ते तोडू शकत नाही, म्हणून ते रेंगाळतं. यातले बरेच रिसेप्टर मेंदूच्या खोल भागात, व्हीटीए नावाच्या छोट्या जागेतल्या पेशींवर असतात. त्या पेशी पुढे न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाच्या भागात डोपामिन नावाचं रसायन सोडतात. भूक लागलेली असताना गरम भाकरी मिळाली की हाच रस्ता जागा होतो. निकोटिन भाकरीशिवायच तो जागा करतं.

नकली किल्ली सारखी अडकून राहिली की रिसेप्टर सुन्न होतात, मग मेंदू आणखी रिसेप्टर तयार करतो. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणून रात्रभर झोपल्यावर हे सगळे जास्तीचे रिसेप्टर रिकामे, आणि सकाळी उठल्या उठल्या पहिला बार लागतो. सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणं, कशात लक्ष नसणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकांचं तीन-चार आठवड्यांत उतरतं. सिगारेट सोडलेल्या लोकांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये हे जास्तीचे रिसेप्टरसुद्धा साधारण ६ ते १२ आठवड्यांत नेहमीसारखे झालेले दिसलेत. म्हणजे १४ महिन्यांनी मामाच्या शरीराला निकोटिनची गरज उरलेली नाही. मग पारावर जे झालं ते काय होतं?

इथे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरचे प्रयोग कामाला येतात. माकडाला अचानक ज्यूसचा थेंब दिला की डोपामिनच्या पेशी जोरात चालायच्या. मग दिवा लावून थोड्या वेळाने ज्यूस, असं पुन्हा पुन्हा केलं, तर पेशी दिवा लागताच चालायला लागल्या आणि ज्यूस आल्यावर मात्र शांत. दिवा लागूनही ज्यूस आला नाही, तर त्या ठरलेल्या वेळी पेशी नेहमीपेक्षाही गप्प झाल्या. म्हणजे डोपामिनचं काम नुसता आनंद देणं नाही, 'हे आता मिळणार, जा आणि घे' हे शिकवणं आहे. मामाचा दिवा म्हणजे ती टप टप. तीस वर्षांत हजारो वेळा त्या आवाजामागून निकोटिन आलंय. म्हणूनच लोक म्हणतात ना, "आता मजा येत नाही पण राहवतही नाही", ते अगदी खरं आहे, कारण आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत बऱ्याच अंशी वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हे शिकलेलं पुसलं जात नाही. दिवा वारंवार लावून ज्यूस दिला नाही तर मेंदू वर एक नवीन धडा लिहितो, 'इथे आता काही मिळत नाही', पण जुना खाली तसाच असतो, आणि नवीन धडा बराचसा त्या जागेला चिकटलेला असतो. मामा सहा महिने पुण्यात आमच्याकडे होता, तेव्हा त्याला फारसा त्रास झाला नाही. गावात, त्याच पारावर, जुना धडा वर आला. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनचं व्यसन लागलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी बहुतेक जण घरी परतल्यावर पुन्हा त्यात अडकले नाहीत, संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात हे नोंदवलं, आणि जागा बदलणं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. आपल्याकडे उलटं होतं, व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस थेट त्याच नाक्यावर परत येतो.

तलफेची एक लाट सहसा काही मिनिटांत ओसरते, त्यावर काही दिलं नाही तर. मी मामाला हे सगळं माझ्या भाषेत सांगितलं, त्याने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे तो मळताना मी उठून हापशावर जाऊन आलो तर चालेल ना?" काल फोन केला तेव्हा म्हणाला, दोनदा जाऊन आलो.