कन्सोलला केबल की वाय-फाय : वादाचं मूळ १९७१ मध्ये

ऑनलाइन गेमला वेग फारसा लागत नाही. चालू सामन्यात कन्सोल सेकंदाला माहितीची काही डझन छोटी पॅकेट पाठवतो आणि तेवढीच घेतो. साध्या कनेक्शनवरही ती सहज मावतात. खटकतं ते एखादं पॅकेट उशिरा येणं. त्यामुळे ‘वाय-फायवर ३०० एमबीपीएस मिळतात, मग केबल कशाला?’ हा प्रश्नच चुकीच्या जागी पडतो. विचारायचं ते असं : आपल्या पॅकेटला पाळी येईपर्यंत थांबावं लागतं का?

ही पाळीची भानगड १९७१ मध्ये हवाई विद्यापीठातल्या ‘अलोहानेट’पासून सुरू झाली. नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने बेटाबेटांवरची केंद्रं एकाच सामायिक रेडिओ चॅनेलवर मुख्य संगणकाशी बोलती केली. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. दोघे एकदम बोलले आणि पोच आली नाही, तर थोडं थांबून पुन्हा पाठवावं. ही कल्पना उचलून, सुधारून १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेट मांडलं. तेव्हाचं इथरनेट म्हणजेही सगळ्यांत मिळून एकच जाड केबल होती आणि तिच्यावरही टक्कर व्हायचीच.

पुढे नव्वदच्या दशकात पॅकेट ज्याचं त्याला पोचवणारे नेटवर्क स्विच स्वस्त झाले आणि प्रत्येक यंत्राला स्वतःची स्वतंत्र केबल मिळाली. एकाच वेळी पाठवणं आणि घेणं शक्य झालं, टक्कर संपली. आज राउटरला केबलने जोडलेल्या कन्सोलचं राउटरपर्यंतचं पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, एक मिलिसेकंदाच्या आत राहतं आणि तिथेच टिकतं.

१९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकाला ही सोय नव्हती, कारण हवा वाटून देता येत नाही. शिवाय रेडिओ स्वतः बोलत असताना त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. टक्कर झाल्याचं कळतं ते पोच न आल्यावरच. म्हणून वाय-फाय आधी कानोसा घेतं, यादृच्छिक क्षणभर थांबतं, मगच पाठवतं. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर त्याच्यासाठीही थांबतं. सरासरी पिंग ३ मिलिसेकंद दिसतं, पण मध्येच एखादं ८० वर जातं. साठ फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची, म्हणजे चार-पाच फ्रेम गेल्या. २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४ तर फक्त गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्झवरच चालायचा. ‘कन्सोल म्हणजे केबलच’ हा हट्ट त्या काळात आणखी पक्का झाला असणार.

भिंत फोडायची नसलेल्यांसाठी घरच्या वीजतारांतूनच नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर आले. २००१ च्या पहिल्या होमप्लग मानकाचा वेग कागदावर १४ एमबीपीएस होता, आता खोक्यावर हजाराच्या पुढचे आकडे असतात. ते दोन अडॅप्टरांमधल्या कच्च्या जोडणीचे. प्रत्यक्षात अनेकदा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी हाती येतं. काही ‘६००’वाल्या अडॅप्टरचं नेटवर्क पोर्टच १०० चं असतं, हे मात्र बारीक अक्षरात. वीजवाहिनी हेही सामायिक माध्यमच, आणि तिच्यावर चार्जर, मोटर, एलईडी दिवे गोंगाट करतात. अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये हवा. सर्ज प्रोटेक्टरचा फिल्टर नेमका सिग्नलच गाळून टाकतो.

खरी फसगत मेशमध्ये, म्हणजे घरभर एकाहून जास्त खोकी लावून वाय-फाय पसरवण्यात होते. समजा, हॉलमध्ये राउटर, खोलीत त्याचं वाय-फाय पुढे नेणारं खोकं म्हणजे सॅटेलाइट, आणि दोघांमधल्या हवेतून प्रत्यक्ष ४०० एमबीपीएस जातात. सॅटेलाइट त्याच रेडिओने कन्सोललाही वाय-फाय देत असेल, तर प्रत्येक पॅकेट त्याच चॅनेलवरून दोनदा जातं आणि कन्सोलला फार तर २०० उरतात. कन्सोल केबलने सॅटेलाइटला जोडला की दुसरी उडी वाचते, ४०० परत मिळतात. कन्सोलच्या सेटिंगमध्ये आता ‘लॅन’ दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. पण राउटरपर्यंतचा टप्पा, म्हणजे बॅकहॉल, अजून हवेतूनच आहे. त्याच सॅटेलाइटवर कुणी मोठी फाइल उतरवायला घेतली की तिची आणि गेमची पॅकेट त्याच रांगेत उभी राहतात. बॅकहॉलसाठी वेगळा रेडिओ असलेले ट्राय-बँड संच अर्धं होणं टाळतात, पाळी मात्र टळत नाही.

तपासायचं तर कन्सोलची केबल काढून लॅपटॉपला लावा, त्याचं वाय-फाय बंद करा आणि राउटरच्या पत्त्यावर पिंग सोडा. विंडोजवर, पत्ता आपल्या राउटरचा घालून :

```
ping -t 192.168.1.1
```

पाच मिनिटं चालू द्या आणि मध्येच दुसऱ्या यंत्रावर मोठं डाउनलोड लावा. शेवटी Ctrl+C दाबून थांबवा. सरासरीकडे बघू नका, सर्वांत मोठ्या आकड्याकडे बघा. तो १-२ वरच राहिला तर केबल खरोखर राउटरपर्यंत पोचलीय. ४०, ९०, १२० असे आकडे डोकावले तर वाटेत कुठेतरी हवा किंवा वीजवाहिनी आहे. अशा वेळी कन्सोलची केबल बदलून उपयोग नाही. त्या टप्प्यातच, म्हणजे मेश असेल तर राउटर आणि सॅटेलाइट यांच्यामध्ये, केबल टाकावी लागते. राउटरजवळचा आकडा स्वच्छ असूनही गेम अडखळत असेल, तर दोष घराबाहेरच्या लाइनचा किंवा गेमच्या सर्व्हरचा असू शकतो. डाउनलोड चालू असतानाच अडखळत असेल, तर घराबाहेरची लाइन तुंबून तिच्यावर रांग लागल्याचा संशय आधी घ्यावा.