‘जमणार नाही’ आणि ‘नको’ यात फरक आहे: ड्यूटीचा फॉर्म पाठवण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे ड्यूटीचे तक्ते करायला देणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा फोन ठरलेल्या वाराला येतो. प्रश्नही ठरलेला असतो: “सगळ्यांचे फॉर्म आले, मग तक्ता अजून का नाही?” उत्तर जवळपास नेहमी एकच असतं. फॉर्म आलेत, पण त्यातून नेमकं काय समजायचं ते कळत नाही, म्हणून आम्ही तुमच्या माणसांना एकेक फोन लावत बसलोय. तक्ता बसवायला तास-दीड तास लागतो, फोनांत मात्र अख्खा दिवस जातो.

फॉर्म कसा बनवायचा हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे ते सांगत नाही. खोळंबा एकाच गोष्टीने होतो. फॉर्ममध्ये ‘येऊ शकता का?’ एवढंच विचारलेलं असतं आणि उत्तराला ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोनच जागा असतात. ज्याला त्या वेळी क्लास आहे तो ‘नाही’ लिहितो. ज्याला रविवारी संध्याकाळी घरी बसायला आवडतं तोही ‘नाही’च लिहितो. कागदावर दोघं सारखेच दिसतात.

परवाचंच उदाहरण घ्या. माणसं सहा. आठवड्याचे सातही दिवस सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन शिफ्ट, प्रत्येक शिफ्टला दोघं. म्हणजे 28 जागा भरायच्या. प्रत्येकी पाच दिवस धरले तर 30 ड्यूट्या हाताशी, म्हणजे हिशेब बसायला हवा होता. पण रविवार संध्याकाळच्या रकान्यात पाच ‘नाही’ होते आणि सहावा चौकोन कोरा. फोन केले तेव्हा कळलं की त्या पाचांत खरंच न जमणारे दोघंच. उरलेल्या तिघांचं म्हणणं, “नको असतं, पण लावली तर येऊ.” आणि चौकोन कोरा सोडणाऱ्या ताई म्हणाल्या, “मला काहीही चालतं, म्हणून टिक नाही केली!” कागदावर शून्य माणसं, प्रत्यक्षात चार.

म्हणून आमच्या फॉर्ममध्ये प्रत्येक शिफ्टपुढे तीन उत्तरं असतात: ‘जमेल’, ‘शक्यतो नको’ आणि ‘जमणारच नाही’. गूगल फॉर्ममध्ये यासाठी `Multiple choice grid` घ्या. आडव्या ओळींना 14 शिफ्टची नावं द्या, उभ्या रकान्यांना ही तीन उत्तरं. मग `Require a response in each row` सुरू करा, म्हणजे एकही ओळ कोरी ठेवून फॉर्म पाठवताच येणार नाही. नाव टाइप करायला सांगू नका, यादीतून निवडायला द्या. नाहीतर एकच माणूस एकदा आडनावासकट आणि एकदा टोपणनावाने हजर होतो. कुणी दोनदा फॉर्म भरला तर आम्ही शेवटचा धरतो, हे तुमच्या माणसांना आधीच सांगून ठेवा.

“चौदा ओळी कोण भरणार, फॉर्म लहान करा” असं बरेच जण सुचवतात. आम्ही करत नाही. ‘कोणते दिवस नको?’ असा एकच मोकळा प्रश्न ठेवला की उत्तर येतं, “मंगळवारी जरा उशीर, बाकी बघू.” हे मोजता येत नाही. चौदा टिका करायला दोन मिनिटं लागतात, ‘बाकी बघू’चा अर्थ काढायला त्याहून जास्त. कारणही आम्ही विचारत नाही. कारण विचारलं की लोक ते पटेल असं रंगवून लिहितात आणि साधं ‘नको’सुद्धा ‘जमणारच नाही’ होऊन येतं. शिवाय कुणाचं आजारपण आमच्या फाइलमध्ये असण्याची गरजही नाही.

उत्तरं शीटमध्ये आली की प्रत्येक शिफ्टचा एक रकाना तयार होतो. त्याच्या खाली आम्ही येऊ शकणाऱ्यांची संख्या काढतो:

```
=COUNTIF(C2:C7,"जमेल")+COUNTIF(C2:C7,"शक्यतो नको")
```

काही जण हेच थोडक्यात `"<>जमणारच नाही"` असं लिहितात. ते करू नका, त्यात कोरे चौकोनही ‘येतो’ म्हणून मोजले जातात. आलेल्या संख्येतून लागणारी माणसं वजा केली की त्या शिफ्टची शिल्लक कळते. वरच्या उदाहरणात रविवार संध्याकाळची शिल्लक दोन निघाली, मंगळवार संध्याकाळची एक आणि बुधवार सकाळची शून्य.

तक्ता भरायला सुरुवात इथून, सोमवारपासून नाही. ज्या शिफ्टची शिल्लक सगळ्यात कमी, ती आधी. बुधवारी सकाळी दोघंच येऊ शकत होते आणि त्यांतली एक मंगळवारी संध्याकाळी येऊ शकणाऱ्या तिघांतही होती. वारांच्या क्रमाने भरत गेलात तर तुम्ही तिला मंगळवारी संध्याकाळी लावून मोकळे होता. पण रात्री बंद करून गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायला बोलवायचं नाही, हा नियम तुमचाच. झालं, बुधवार सकाळ अडली. आधी बुधवार सकाळ भरली तर मंगळवार संध्याकाळसाठी बरोबर दोघं उरतात. शिल्लक शून्याखाली गेली तर मात्र कुठल्याही क्रमाने तक्ता बसत नाही. तेव्हा आम्ही तुम्हालाच विचारतो: त्या शिफ्टला एकच माणूस चालेल, की बाहेरून कुणी आणता?

या बंद-उघडच्या नियमात एक जागा हमखास निसटते. तक्ता सोमवारी सुरू होतो, त्यामुळे आदल्या रविवारी रात्री कोण होतं हे समोर दिसतच नाही. आम्ही मागच्या आठवड्याचा रविवार नव्या तक्त्याच्या डाव्या बाजूला चिकटवून ठेवतो. तुम्ही स्वतः तक्ता करत असलात तरी एवढं जरूर करा.

राहिली रविवार संध्याकाळ. एक ‘जमेल’ आणि तीन ‘शक्यतो नको’, म्हणजे तिघांपैकी एकाला मनाविरुद्ध यावं लागणार. कुणाला, हे आम्ही अंदाजाने ठरवत नाही. कुणाच्या ‘शक्यतो नको’वर किती वेळा ड्यूटी लागली याची नोंद आमच्याकडे आठवड्यागणिक राहते आणि ज्याची नोंद सगळ्यात कमी, त्याचा नंबर लागतो. मालकांना ही नोंद आधी फालतू वाटते. “दर वेळी मीच का?” असं कुणी विचारलं की तीच फाइल उघडून दाखवतात. तक्ता आमच्याकडून करून घेणाऱ्यांना ही नोंद वेगळे पैसे न घेता मिळते.

आम्ही पाठवतो तो कच्चा तक्ता असतो, तो लगेच भिंतीवर लावू नका. बदल सुचवायला दोन दिवस ठेवा. आणि “मला गुरुवार नको” एवढ्यावर आम्ही बदल करत नाही, त्या जागी कोण येणार त्याचं नाव सोबत हवं. त्या दुसऱ्या माणसाने हो म्हटल्याचा निरोपही.

फॉर्मचा नमुना मागितलात तर पाठवतो. माणसांची नावं आणि शिफ्टच्या वेळा कळवल्यात तर पहिल्यांदा आम्हीच भरून तयार करून देतो. पुढच्या आठवड्यांना तोच चालतो, फक्त तारखा बदलायच्या. शेवटची मुदत फॉर्मच्या वरच्या ओळीतच लिहा. खाली लिहिलेली कुणी वाचत नाही.