विष्णूच्या हातांवरून नाव ओळखायचं कसं: चोवीस मूर्तींचं गणित

मराठवाडा-विदर्भात गावच्या देवळात काळ्या दगडाची चार हातांची उभी मूर्ती असते, डोक्यावर उंच मुकुट, आणि गावात विचारलं की उत्तर बहुतेक वेळा "बालाजी" किंवा नुसतं "विष्णू" असं येतं. ते चुकीचं नाहीये, पण मूर्ती घडवणाऱ्याने अनेकदा यापेक्षा नेमकं नाव मनात धरलेलं असतं, आणि ते त्याने त्या चार हातांत लिहून ठेवलंय. वाचायची पद्धत माहीत असली की तिथे उभ्या उभ्या वाचता येतं.

संध्या करताना घरातली मोठी माणसं केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः असं म्हणत जातात ना, ती चोवीस नावं आहेत, आणि त्या प्रत्येक नावाची वेगळी मूर्ती मूर्तिशास्त्रात सांगितली आहे. आता चोवीसच का? विष्णूचे हात चार, त्यातल्या वस्तूही चार: शंख, चक्र, गदा, पद्म. पहिल्या हातात चारपैकी कुठलीही येऊ शकते, दुसऱ्यात उरलेल्या तीनपैकी, तिसऱ्यात दोनपैकी आणि चौथ्यात जी उरली ती, म्हणजे ४ × ३ × २ × १ = २४. एकही जास्त मांडणी होत नाही, एकही कमी नाही, आणि प्रत्येक मांडणीला एक नाव. मला तर ही सगळ्या मूर्तिशास्त्रातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

चेहरा, उभं राहणं, दागिने यांवरून या चोविसांत फरक करता येत नाही, सगळे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभे, म्हणजे समभंगात. पायाशी गरुड असला तर तो विष्णू आहे एवढं पक्कं होतं, कुठला विष्णू ते गरुड सांगत नाही. गुडघ्यापर्यंत येणारी वनमाला, छातीवरचं श्रीवत्स, उंच किरीटमुकुट हेही तेवढंच सांगतात. नाव फक्त हातांच्या क्रमात आहे.

क्रम मोजायचा प्रदक्षिणेने, तसं अग्निपुराणातच सांगितलंय. सुरुवात देवाच्या खालच्या उजव्या हातापासून, मग वरचा उजवा, मग वरचा डावा, शेवटी खालचा डावा. इथे लक्षात ठेवायचं की देवाचा उजवा म्हणजे आपण समोर उभे असताना आपल्या डाव्या बाजूला, म्हणजे आपल्या बाजूने बघितलं तर डावीकडे खालून सुरू करून घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आलं तर केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आलं तर नारायण. चक्र, गदा, पद्म, शंख म्हणजे गोविंद.

आता एक मूर्ती घेऊ. समजा देवाचा खालचा उजवा हात कोपरापासून तुटलाय, वरच्या उजव्या हातात गदा आहे, वरच्या डाव्या हातात चक्र, खालच्या डाव्यात शंख. वस्तू चारच असल्यामुळे तुटलेल्या हातात पद्मच असणार, म्हणजे क्रम झाला पद्म, गदा, चक्र, शंख, आणि हा त्रिविक्रम. एक हात गेला तरी नाव जात नाही, हे या पद्धतीचं बळ आहे.

त्रिविक्रम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक पाय आकाशात उचललेला विष्णू येतो, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या त्रिविक्रम मंदिरात तसा आहे. तो अवतार, बळीची गोष्ट सांगणारा, आणि तिथे ओळख पायावरून पटते. चोविसांतला त्रिविक्रम मात्र सरळ उभा असतो, पाय उचलत नाही. तसंच चोविसांतला वामन बुटका नसतो आणि नरसिंहाला सिंहाचं तोंड नसतं. म्हणून आधी बघायचं की मूर्ती काही गोष्ट सांगतेय का, काही कृती करतेय का, आणि ती शांत सरळ उभी असेल तरच हातांचा क्रम मोजायचा. हे उलट केलं की हमखास घोळ होतो.

फोटोवरून ओळखत असाल तर अजून एक धोका आहे. फोटो कधीकधी उलटा, आरशातल्यासारखा छापला जातो, आणि मग क्रम मागून पुढे वाचला जातो. आपल्या त्रिविक्रमाचा फोटो उलटला तर शंख, चक्र, गदा, पद्म असा क्रम येतो आणि तो वामनाचा आहे! म्हणजे मूर्ती दिसते अगदी व्यवस्थित, काही खटकत नाही, नाव मात्र चूक. यावर उपाय जानवं. ते देवाच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे उतरतं, फोटोत उजव्या खांद्यावरून उतरताना दिसलं तर आधी फोटोवर शंका घ्या.

पद्म शोधायला मात्र वेळ द्यावा लागतो. शंख-चक्र-गदा ठळक असतात, पण पद्म कधी नुसती कळी असते, कधी तळहातावर कोरलेलं छोटं फूल, आणि खालचा उजवा हात वरदमुद्रेत, म्हणजे बोटं खाली आणि तळवा समोर, असला तर पुष्कळांना तो रिकामाच वाटतो. कधी त्याच हातात अक्षमालाही असते. म्हणून त्या तळव्यावर तिरका उजेड पडू द्या, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरला तरी चालतो, झिजलेलं कोरीव काम सावलीत उठून दिसतं.

दोन हात तुटले असतील तर एक नाव सांगता येत नाही. वरच्या दोन हातांत गदा आणि चक्र तेवढी उरली असतील तर खाली पद्म-शंख असेल (त्रिविक्रम) किंवा शंख-पद्म असेल (उपेंद्र), दोन्ही शक्यता लिहून ठेवायच्या आणि तिथे थांबायचं.

शिवाय सगळे ग्रंथ एकमताचे नाहीत. मेवाडच्या राणा कुंभाच्या काळातल्या सूत्रधार मंडनाच्या रूपमंडनात शंख, चक्र, पद्म, गदा हा क्रम हरीचा आहे, अग्निपुराणात तोच मधुसूदनाचा. केशव, नारायण, गोविंद, त्रिविक्रम यांच्याबाबत दोघांचं जुळतं, पण बाकी ठिकाणी कुठल्या ग्रंथाप्रमाणे नाव देतोय ते सांगितल्याशिवाय नुसतं नाव अर्धवट राहतं.

आणि कॅलेंडरवरचा विष्णू? तिथे साधारण वर उजवीकडे चक्र, वर डावीकडे शंख, खाली डाव्या हातात गदा असते, आणि खालच्या उजव्यात पद्म असलं तर क्रम होतो पद्म, चक्र, शंख, गदा, म्हणजे रूपमंडनाप्रमाणे जनार्दन. पण चित्रकाराने जनार्दन म्हणून काढलाय असं यावरून मी म्हणणार नाही, छापील चित्रांत ही मांडणी विष्णूची नेहमीची होऊन गेलीये. खालचा उजवा हात पद्माऐवजी नुसता अभय देत असेल तर ही पद्धत लागूच होत नाही. तिरुपतीच्या बालाजीचंही तसंच, वर शंख-चक्र, खाली एक हात वरद आणि एक कमरेशी, गदा-पद्म नाहीतच. आपल्या विठोबाला तर हातच दोन, आणि दोन्ही कमरेवर, त्याला ओळखायला त्या कमरेवरच्या हातांकडे आणि पायाखालच्या विटेकडेच बघायचं.