बिल खरं, खातं चोराचं

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीतून भोसरीच्या एका कारखान्यात दर महिन्याला कास्टिंग येतं. समजा, या वेळचं बिल 18,40,000 रुपयांचं आहे. माल उतरला, तपासणी झाली, बिल अकाउंट्सच्या टेबलावर आलं. मुदत संपायला चार दिवस उरलेत आणि फाउंड्रीकडून मेल येतो: ‘आमच्या जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, तरी या वेळची रक्कम कृपया सोबतच्या खात्यात भरावी.’ सोबत लेटरहेडवरचं पत्र, शिक्का, सही आणि कॅन्सल्ड चेकचा फोटो. मेल आलाय तोही आधीच्या पत्रव्यवहाराच्या धाग्यातच, खाली आपलाच मागचा मेल दिसतोय. बिल नंबर बरोबर, रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत बरोबर. फक्त खातं चोराचं.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण त्यातला एकेक टप्पा खऱ्या प्रकरणांतला आहे. अमेरिकेच्या एफबीआयकडे 2023 या एका वर्षात अशा फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतलं नुकसान सुमारे 2.9 अब्ज डॉलर होतं.

चोराला हे सगळं कळलं कसं? तो आधीच आत बसलेला असतो. काही आठवड्यांपूर्वी फाउंड्रीच्या ऑफिसात कोणीतरी ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे’ अशा एखाद्या लिंकवर क्लिक करून, हुबेहूब दिसणाऱ्या पानावर आपला पासवर्ड टाकलेला असतो. चोर लगेच काहीच करत नाही. तो वाचतो. कोणाचं बिल किती, पैसे कधी सुटतात, पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ने होते की नुसत्या ‘सर’ने, हे सगळं टिपून ठेवतो. आणि मेलबॉक्समध्ये एक नियम लावून ठेवतो: ज्या मेलमध्ये ‘पेमेंट’ किंवा ‘इन्व्हॉइस’ असे शब्द असतील, तो मेल वाचलेला म्हणून खूण करून कोणी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये टाकायचा. त्यामुळे भोसरीहून कोणी मेलवर शंका विचारली, तरी खऱ्या मालकाला ती दिसत नाही. उत्तर चोरच देतो.

पुढे तो बहुतेक वेळा स्वतःचं वेगळं डोमेन घेतो. समजा फाउंड्रीचं नाव `varnatools` आहे, तर तो `vamatools` नोंदवतो. पुन्हा नीट पाहा: `r` आणि `n` शेजारी आले की लहान अक्षरांत ते `m` सारखे दिसतात. मोबाइलवर तर बहुतेक वेळा मेलचा पत्ता दिसतच नाही, फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, आणि ते नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. मेल खऱ्या डोमेनवरून आलाय का, हे तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या व्यवस्था असतात, त्या जरूर लावाव्यात. पण इथे त्या कामी येत नाहीत. `vamatools` हे चोराचं रीतसर घेतलेलं डोमेन आहे, ते तपासणीत उत्तीर्णच होतं. आणि मेल खऱ्या मेलबॉक्समधूनच गेला असेल, तर तपासणीला पकडण्यासारखं काही उरतच नाही.

आता पैशांकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. आपण फॉर्मवर लाभार्थीचं नाव लिहितो तेव्हा आपल्याला वाटतं, नाव आणि नंबर जुळला नाही तर बँक पैसे परत पाठवेल. पण एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये वर्षानुवर्षं पैसे जमा होत आलेत ते केवळ खाते क्रमांकावर. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2025 पासून बँकांना एक सोय द्यायला लावली: खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, तेही मोफत. ही मोठीच मदत आहे, आणि नवं खातं जोडताना ती वापरलीच पाहिजे. कॅन्सल्ड चेकवर फाउंड्रीचं नाव आणि स्क्रीनवर कोणा परक्या माणसाचं नाव, हा फरक तिथल्या तिथे कळतो.

तरी तेवढ्यावर विसंबू नये, असं मी आग्रहाने म्हणतो. 2013 ते 2015 या काळात लिथुआनियाच्या एवाल्दास रिमासाउस्कस याने गूगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांकडून मिळून 12 कोटी डॉलरच्या वर रक्कम काढली. या कंपन्या तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटरकडून खरोखरच माल घेत होत्या. रिमासाउस्कसने लॅटव्हियात त्याच नावाची कंपनी नोंदवली, तिच्या नावाने लॅटव्हिया आणि सायप्रसमध्ये खाती उघडली आणि खोटी बिलं, खोटे करार जोडले. डिसेंबर 2019 मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. खातेदाराचं नाव जुळवून पाहिलं असतं, तर तिथे नाव जुळलंच असतं.

म्हणून सगळ्यात भरवशाची पायरी तीच जुनी: फोन. पण तो कसा करायचा, यात सगळं आहे. नंबर त्या मेलमधला किंवा त्या लेटरहेडवरचा घ्यायचा नाही, कारण तिथे चोराचाच नंबर असतो. आपल्या रजिस्टरमध्ये किंवा जुन्या पर्चेस ऑर्डरवर आधीपासून असलेला नंबर लावायचा. त्यांनी आपल्याला केलेला फोनही चालत नाही. ठेवायचा आणि आपण उलट लावायचा. आणि ‘तुम्ही मेल पाठवलाय ना?’ असं विचारायचं नाही. कामाच्या गडबडीत पलीकडचा माणूस ‘हो हो, बिलाचा पाठवलाय’ म्हणून मोकळा होतो. खाते क्रमांक आपण वाचून दाखवायचा नाही, त्यांना सांगायला लावायचा.

“साहेब, पैसे कुठल्या खात्यात भरायचे, नंबर सांगता का?”

“ताई, तेच की आपलं नेहमीचं. का ओ, काय झालं?”

हा एवढा संवाद 18 लाख वाचवतो.

कारखान्याच्या आत आणखी एक भिंत हवी. सप्लायरच्या नोंदीत खातं बदलणारा आणि पेमेंट सोडणारा ही दोन माणसं वेगळी असावीत, आणि दुसऱ्याने नुसती सही न करता ‘फोन कोणी, कोणत्या नंबरावर, कोणाशी केला’ ही नोंद पाहावी. बदललेल्या खात्यावर पहिले दोन-तीन दिवस पेमेंट सुटूच नये. चोराची सगळी मदार घाईवर असते. मुदत संपत आल्यावरच त्याचा मेल येतो तो याचसाठी. एक रुपया पाठवून पाहण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तिने खातं चालू आहे एवढं कळतं. ‘रुपया मिळाला’ हे मेलवर कळवलं गेलं, तर ते कळवणारा पुन्हा चोरच असू शकतो.

आणि पैसे गेलेच, तर? सहसा हे उघड होतं फाउंड्रीचा ‘पेमेंट आलं नाही’ असा फोन आल्यावर. तोवर रक्कम भाड्याने घेतलेल्या पाच-दहा खात्यांत फुटून गेलेली असू शकते. त्या क्षणी आधी आपल्या बँकेला आणि 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा, cybercrime.gov.in वर व्यवहाराचा यूटीआर नंबर देऊन तक्रार नोंदवायची. पुढच्या खात्यांत जे शिल्लक असेल ते गोठवता येतं, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो; चूक कोणाची यावर वाद घालण्यात पहिली दुपार जाता कामा नये. फाउंड्रीने पासवर्ड बदलताना सगळीकडून लॉगआउट करावं आणि मेलबॉक्समधला तो लपवलेला नियम शोधून काढून टाकावा, कारण पासवर्ड बदलला म्हणून नियम जात नाही. मग त्याच दिवशी बाकीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावावेत. नव्या खात्याचं पत्र त्यांच्याकडेही गेलेलं असण्याची शक्यता आहे.