रिट जिंकली म्हणजे काम झालं?

“रिट टाकली की कोर्ट अधिकाऱ्याचा निर्णय फिरवून आपल्या बाजूने निकाल देतं ना?”

नाही, सहसा नाही. रिट म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात केलेली याचिका. तिच्यात कोर्ट अपिलात बसल्यासारखं निर्णय बरोबर की चूक हे तपासत नाही, तो कसा घेतला ते बघतं, म्हणजे अधिकार होता का, बाजू ऐकली का, कारणं दिली का, की अगदीच मनमानी केली.

मनेका गांधींची केस बघा. 1977 मध्ये सरकारने पासपोर्ट जमा करायला सांगितलं, कारण विचारलं तर जनहितासाठी देत नाही म्हणाले, मग मनेका संविधानाच्या कलम 32 खाली रिट घेऊन थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. 1978 चा निकाल, कायद्याने ठरवलेली प्रक्रिया न्याय्यच हवी असं सांगणारा, केवढा गाजला! पण पासपोर्ट लगेच हातात आला नाही. सरकारने म्हणणं ऐकून घ्यायची हमी दिली म्हणून कोर्टाने आदेश रद्दसुद्धा केला नाही.

आणि आदेश रद्द झाला तरी प्रकरण बहुतेक वेळा त्याच खात्याकडे परत जातं, तिथे नीट सुनावणी घेऊन, कारणं लिहून तोच निर्णय पुन्हा येऊ शकतो, म्हणून मूळ मुद्द्याचे कागद तेव्हाही तयारच ठेवा.