पेनावरचं ३०० आणि सिरिंजवरचं १००

"आधीच्या पेनावर १०० लिहिलेलं असायचं, आता डॉक्टरांनी ३०० वालं दिलंय. म्हणजे हे तिप्पट पॉवरचं! मग डोस एक तृतीयांश करायचा का?" इन्सुलिन घेणारी चार माणसं जमली की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. उत्तर आहे, नाही. डॉक्टरांनी २४ युनिट सांगितली असतील तर पेनावर २४ च फिरवायची. जो हुशारीने आठ फिरवेल त्याची साखर दोन दिवसांत वर चढलेली दिसेल.

पण याच्या उलटही एक चूक होते आणि ती कितीतरी जास्त घातक आहे. त्याच ३०० च्या पेनातून कुणी १०० च्या सिरिंजने २४ च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर शरीरात खरोखरच तिप्पट इन्सुलिन जातं. औषध तेच, आकडाही तोच, मग एकीकडे तिपटीचा विचार करणं चूक आणि दुसरीकडे न करणं चूक, असं का? हे कळायला युनिट म्हणजे काय आणि पेन आत नेमकं काय करतं, हे बघायला हवं.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं तेव्हा ते शुद्ध करता येत नव्हतं. एका घाण्यातलं औषध जोरदार, दुसऱ्यातलं मिळमिळीत, असा प्रकार होता. त्यामुळे वजनावर मोजून उपयोग नव्हता. मग ते परिणामावर मोजायचं ठरलं: उपाशी सशाची रक्तातली साखर ठरावीक पातळीपर्यंत खाली आणेल ती मात्रा हे मोजमापाचं मूळ. आज इन्सुलिन शुद्ध मिळतं, त्यामुळे मानवी इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे सुमारे ०.०३५ मिलिग्रॅम असं सांगता येतं. थोडक्यात, युनिट म्हणजे औषध, पाणी नव्हे. दोन चमचे साखर पेलाभर पाण्यात विरघळवली काय किंवा अर्ध्या पेल्यात, साखर दोन चमचेच. लेबलवरचं "१०० युनिट प्रति मि.लि." फक्त इतकंच सांगतं की एका मिलिलिटरमध्ये किती युनिट बसवलेली आहेत. ३०० च्या पेनात तेवढंच औषध एक तृतीयांश पाण्यात असतं.

आता पेनाकडे येऊ. माझ्या मते रोजच्या वापरातल्या वैद्यकीय उपकरणांत इतकं देखणं यंत्र दुसरं नाही. आत काचेची नळी असते, तिच्या मागच्या टोकाला रबरी बूच आणि बुचामागे आटे असलेला दांडा. आपण मागची चकती फिरवतो तेव्हा औषध हलत नाही, फक्त दांड्याने किती पुढे सरकायचं ते ठरतं. बटण दाबलं की दांडा तेवढाच सरकतो, बूच पुढे ढकललं जातं आणि सुईतून औषध बाहेर येतं. १०० च्या पेनात एका युनिटसाठी ०.०१ मि.लि. द्रव ढकलावा लागतो. तीन मि.लि.ची नेहमीची नळी आतून जेमतेम एक सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे बुचाला मिलिमीटरचा साधारण सातवा हिस्सा सरकावं लागतं. २०० च्या पेनात त्याच्याही निम्मं. हे भागाकार आट्यांमध्ये कोरलेले असतात. खिडकीत दिसणारा आकडा मिलिलिटरचा नसतो, युनिटचा असतो, आणि किती द्रव ढकलायचा हा हिशेब पेन बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो. म्हणून आपण तो पुन्हा करायचा नाही.

सिरिंजला यातलं काही कळत नाही. तिच्यावरच्या रेघा युनिटच्या दिसल्या तरी त्या असतात मापाच्याच, आणि आत भरलेलं औषध अमुकच तीव्रतेचं आहे असं गृहीत धरून छापलेल्या. यू-१०० सिरिंजवर २४ ची रेघ म्हणजे ०.२४ मि.लि., बाकी काही नाही.

समजा एखाद्या रात्री पेनाचं बटण अडकलं, किंवा पेनाच्या सुया संपल्या. रुग्ण ३०० तीव्रतेचं ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर सावकाश चालणारं इन्सुलिन, घेतो, डोस २४ युनिट. घरातल्या कुणीतरी डोकं लढवून सिरिंजची सुई पेनाच्या रबरात खुपसली आणि २४ पर्यंत औषध ओढून टोचलं. ०.२४ गुणिले ३०० म्हणजे ७२ युनिट आत गेली. टोचणाऱ्याला शेवटपर्यंत काही वावगं वाटत नाही, कारण त्याने डोळ्यांनी २४ चा आकडा पाहिलेला असतो. शिवाय असं ओढताना नळीत हवा शिरते, त्यामुळे तेच पेन पुढे वापरलं तर पुढचे डोसही चुकतात. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०१६ मध्ये नेमक्या याच सवयीविरुद्ध इशारा काढला होता. पेन बिघडलं तर दुसरं पेन आणायचं, सिरिंजने ओढायचं नाही, मग लेबलवर १०० असो की ३००.

बाटलीच्या इन्सुलिनमध्ये हाच घोळ ४० आणि १०० चा होतो. भारतासह काही देशांत ४० युनिट प्रति मि.लि.च्या बाटल्या आजही वापरात आहेत. त्यांची सिरिंज वेगळी, सहसा लाल टोपणाची. १०० च्या सिरिंजचं टोपण केशरी असतं. ४० ची सिरिंज १०० च्या बाटलीत घालून २० पर्यंत भरली, तर अर्धा मि.लि. येतो, म्हणजे ५० युनिट. उलट केलं, म्हणजे १०० ची सिरिंज ४० च्या बाटलीत घातली, तर २० च्या रेघेला आठच युनिट येतात. टोपण एकदा फेकून दिलं की रंगाचा आधार जातो, तेव्हा सिरिंजच्या अंगावर छापलेला आकडा वाचावा आणि तो बाटलीवरच्या आकड्याशी जुळवावा.

नजर अधू असलेले बरेच जण खिडकीतला आकडा न बघता टिकटिक मोजतात. १०० च्या नेहमीच्या पेनात एक टिक म्हणजे एक युनिट, त्यामुळे ते वर्षानुवर्षं निभावतं. पण डेग्लुडेक या सावकाश चालणाऱ्या इन्सुलिनच्या २०० तीव्रतेच्या पेनात एका टिकला दोन युनिट पुढे जातात, आणि लिस्प्रो या जलद इन्सुलिनच्या २०० च्याच पेनात मात्र एकच. तीव्रतेवरूनही टिकचा अंदाज बांधता येत नाही. नवं पेन हातात आलं की एक टिक फिरवून खिडकीत काय दिसतं ते कुणाकडून तरी बघून घ्यावं.

लेबलवर आकड्यांची गर्दी असते, त्यात हवा असलेला आकडा ओळखायची खूण एकच: तो "प्रति मि.लि."ला चिकटलेला असतो. १०० च्या तीन मि.लि. पेनात एकूण ३०० युनिट असतात आणि तो ३०० सुद्धा खोक्यावर कुठेतरी असू शकतो. त्याचा ३०० च्या तीव्रतेशी काही संबंध नाही. मिश्र इन्सुलिनच्या नावामागचा ३०, २५ किंवा ५० हा आणखी निराळा. तो जलद भागाची टक्केवारी सांगतो, आणि काही देशांत तीच जोडी उलट्या क्रमाने, ७०/३० अशी लिहितात.

इथवर तीव्रता झाली. पण तीव्रता बरोबर आणि इन्सुलिनच भलतं, असंही होतं. जुन्या रुग्णांना शिकवलेला नियम होता की दुधाळ इन्सुलिन सावकाश चालतं आणि पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं झटपट. ग्लार्जिन आलं आणि हा नियम मोडला. ग्लार्जिनमध्ये इन्सुलिनच्या एका साखळीच्या टोकाला आर्जिनिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडलेले आहेत आणि दुसऱ्या साखळीत एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. त्यामुळे ते आम्लधर्मी पाण्यात, म्हणजे ४ च्या आसपास सामू असताना, पूर्ण विरघळतं, म्हणून पेनात ते नितळ दिसतं. त्वचेखाली सामू ७.४ असतो. तिथे पोहोचताच ते विरघळलेलं राहू शकत नाही, त्याचे सूक्ष्म कण बनून साका बसतो. मग त्या साक्याच्या पृष्ठभागावरून रेणू हळूहळू सुटत राहतात, दिवसभर. दुधाळपणा आहेच, फक्त तो बाटलीत न दिसता आपल्या कातडीखाली तयार होतो.

यातूनच ३०० च्या ग्लार्जिनचं वेगळेपण येतं. तेवढीच युनिटं एक तृतीयांश द्रवात, म्हणजे साकाही आटोपशीर. गोळा आकारमानाने एक तृतीयांश झाला तर त्याचा पृष्ठभाग साधारण निम्मा उरतो, आणि सुटण्याची वाट पृष्ठभागातूनच असल्यामुळे औषध आणखी सावकाश झिरपतं. म्हणून "युनिट ते युनिट", म्हणजे पेन बदललं तरी आकडा तोच, या वर सांगितलेल्या नियमालाही इथे मुरड पडते. १०० वरून ३०० वर जाताना सुरुवात सहसा त्याच आकड्याने होते, पण पुढे बऱ्याच जणांना थोडी जास्त युनिटं लागतात. ३०० वरून १०० वर परतताना डॉक्टर डोस साधारण २० टक्के कमी करून सुरू करतात. दुकानात एक मिळालं नाही म्हणून दुसरं उचलायचं, असं हे नाही.

तर नितळ ग्लार्जिन आणि अस्पार्ट हे जेवणाच्या वेळचं नितळ जलद इन्सुलिन शेजारी ठेवली की डोळ्यांना फरक कळत नाही. पेनांचे रंगही कंपनीगणिक वेगळे. रात्री झोपताना ग्लार्जिनची २४ युनिटं घ्यायची होती आणि हातात अस्पार्ट आलं, तर जेवणाशिवाय २४ युनिटं जलद इन्सुलिन गेलं. त्याचा जोर साधारण एक ते तीन तासांत शिगेला पोहोचतो, म्हणजे ऐन गाढ झोपेत, घाम आणि थरथर कुणाच्या लक्षात येणार नाही अशा वेळी. यावर साधा उपाय म्हणजे रात्रीच्या पेनाला जाड रबरबँड गुंडाळणं. अंधारातही बोटांना कळतं.

फ्रिजमध्ये आता आणखी एक पेन येऊन बसतंय, सेमाग्लुटाइडसारख्या औषधांचं. ते इन्सुलिन नाही, त्याचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो. वजन उतरवण्याच्या जाहिरातबाजीत हे औषध सुट्या बाटल्यांतूनही विकलं जाऊ लागलं आणि लोक ते इन्सुलिनच्या सिरिंजने भरू लागले. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि सिरिंजवरची "युनिटं" यांची अशी खिचडी झाली की अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए हिला २०२४ मध्ये इशारा द्यावा लागला. काहींनी पाच ते वीस पट डोस टोचून घेतला होता. त्या सिरिंजवरची दहाची रेघ सेमाग्लुटाइडच्या बाबतीत फक्त ०.१ मि.लि. सांगते. त्यात मिलिग्रॅम किती, ते बाटलीची तीव्रता ठरवते.

चूक झाल्याचं लक्षात आलं तर पहिला प्रश्न कुठलं इन्सुलिन गेलं हा, आणि दुसरा किती. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. ५४ च्या खालचा आकडा गंभीर. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णालय. जलद इन्सुलिनचा धोका काही तासांत ओसरतो. वरच्या उदाहरणातल्या ७२ युनिट ग्लार्जिनचं तसं नाही: साखर खाल्ली, आकडा १२० वर आला, म्हणून झोपी गेलं, तरी साका त्वचेखाली तसाच झिरपत असतो आणि चार तासांनी साखर पुन्हा कोसळते. मोठा डोस एक दिवसाहून जास्त रेंगाळू शकतो, म्हणून तो गेल्याचं कळताच लक्षणं दिसण्याची वाट न बघता रुग्णालयात जायचं आणि पेन, बाटली, वापरलेली सिरिंज सगळं बरोबर न्यायचं, कारण "चोवीस घेतलं" एवढ्या माहितीवर तिथल्या डॉक्टरांना २४ गेली की ७२, हे ठरवता येत नाही.