डिमेइकची पार्श्वभूमी: सर्वांत जुनी पायरी शेवटी का आली

१६ मे १९२४ रोजी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या वरिष्ठांना एक टिपण पाठवले. टिपण जेमतेम पानभराचे होते आणि त्यातली बरीच जागा एका आकृतीने घेतली होती. आज आपण जिला कंट्रोल चार्ट म्हणतो तिचे ते पहिले रूप: सरासरीची रेघ, तिच्या वर-खाली मर्यादा आणि वेळेच्या क्रमाने मांडलेले ठिपके. मर्यादेच्या आतला चढउतार हा प्रक्रियेचा स्वभाव, त्यामुळे एकेका ठिपक्यामागे धावू नये. बाहेर पडलेल्या ठिपक्यामागे मात्र काही वेगळे कारण असण्याची शक्यता मोठी, ते शोधावे.

सुधारणेच्या डिमेइक चक्रात डिफाइन, मेझर, अ‍ॅनलाइझ, इम्प्रूव्ह आणि कंट्रोल अशा पाच पायऱ्या येतात. शूहार्टची आकृती शेवटच्या पायरीचे मुख्य साधन आहे. म्हणजे वयाने सर्वांत थोरले साधन रांगेत शेवटी उभे आहे, आणि पहिली पायरी सर्वांत धाकटी आहे. हा उलटा क्रम कसा पडला ते पाहिले, की छोट्या प्रकल्पांत नेमके काय गाळले जाते तेही कळते.

शूहार्टच्या विचारांतून पुढे निघालेले चक्र बहुतेकांना ठाऊक आहे. अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांपुढे व्याख्याने दिली आणि त्यानंतर तिथे ‘योजना करा, अमलात आणा, तपासा, कृती करा’ हे पीडीसीए चक्र रुजले. ते चांगलेच आहे, पण योजनेपासून सुरू होते. काय बदलायचे याचा अंदाज हाताशी आहे असे ते गृहीत धरते. रोज यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे असा अंदाज असतो. एक काम पाच टेबलांवरून फिरत असेल, तर प्रत्येक टेबलाचा अंदाज वेगळा निघतो आणि प्रत्येकाच्या मते दोष शेजारच्या टेबलाचा असतो.

डिमेइकचा थेट पूर्वज मोटोरोला कंपनीत जन्मला. तिथले अभियंते बिल स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर एक गोष्ट आकड्यांनी दाखवली. कारखान्यात दोष सापडून दुरुस्त झालेली उपकरणे ग्राहकाकडे गेल्यावर लवकर बिघडत होती. विनादोष तयार झालेली त्या मानाने टिकत होती. अखेरची तपासणी दोन्ही गटांनी सारखीच पार केली होती, तरीही. याचा अर्थ, दोष पकडून दुरुस्त करणे पुरेसे नव्हते, तो मुळात होऊच नये हे पाहावे लागणार होते. अध्यक्ष बॉब गॅल्विन यांनी हा विचार उचलून धरला आणि १९८७ मध्ये कंपनीभर सिक्स सिग्माचा कार्यक्रम सुरू झाला. मिकेल हॅरी यांच्यासारख्या सांख्यिकी जाणकारांनी त्याला पद्धतीचे रूप दिले. त्या पद्धतीत चारच पायऱ्या होत्या: मेझर, अ‍ॅनलाइझ, इम्प्रूव्ह, कंट्रोल.

तिथे डिफाइनची उणीव जाणवली नसावी, असे मला वाटते. सुटा भाग हातात असतो, त्याचे माप रेखाचित्रावर लिहिलेले असते, दोष कशाला म्हणायचे यावर वाद नसतो. पुढे ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेली. तिथे १९९५ मध्ये कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी ती राबवायला घेतली, आणि या समूहात कारखान्यांइतकाच वित्तसेवांचा पसारा मोठा होता. कर्जाच्या अर्जाला रेखाचित्र नसते. उशीर कशाला म्हणायचे, चूक कोणाच्या दृष्टीने, काम नेमके कुठे सुरू होऊन कुठे संपते, हे सगळे आधी ठरवावे लागते. चार पायऱ्यांच्या आधी डिफाइन जोडण्याचे श्रेय सहसा जनरल इलेक्ट्रिकला दिले जाते. २०११ मध्ये आयएसओ १३०५३ या मानकाने हाच पाच पायऱ्यांचा क्रम नोंदवला.

सिक्स सिग्मा म्हटले की दहा लाखांत ३.४ दोष हा आकडा लगेच पुढे येतो. सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, चढउताराचे माप. प्रक्रियेची सरासरी काळाच्या ओघात दीड सिग्माने सरकेल असे गृहीत धरल्यावर तो आकडा येतो. ते गृहीतक काढले तर अब्जात दोन दोष असे उत्तर मिळते. छोट्या प्रकल्पाला या दोन्हींचा उपयोग नसतो. तिथे प्रश्न शेकड्यात किती, एवढाच असतो.

असा एक छोटा प्रकल्प नमुना म्हणून घेऊ. आकडे उदाहरणापुरतेच आहेत. एका लेखा विभागात पुरवठादारांची आठवड्याला सुमारे १०० बिले येतात आणि त्यातली बरीच दुरुस्तीसाठी परत जातात. ‘बिलांचे काम सुधारणे’ हे डिफाइन नव्हे. ‘परत जाणाऱ्या बिलांचे प्रमाण चार महिन्यांत १८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणणे, आणि बिल मंजूर व्हायला लागणारे सरासरी दिवस वाढू न देणे’ हे डिफाइन. दुसरी अट महत्त्वाची आहे. ती नसेल तर बिल परत न पाठवता टेबलावर ठेवून द्यायचे, की प्रमाण आपोआप खाली येते.

पण हे १८ टक्के आले कुठून? मेझरच्या पायरीवर आधी मोजणाऱ्यांची परीक्षा घ्यायची असते, आणि घाईच्या प्रकल्पांत पहिली काट इथेच लागते. दोन कर्मचाऱ्यांना तीच ५० बिले एकमेकांना न विचारता तपासायला दिली. परत पाठवायचे की नाही, यावर दोघांचे ४१ बिलांत एकमत झाले. ८२ टक्के ऐकायला बरे वाटते. मात्र दोघांनीही साधारण १८ टक्के बिले डोळे मिटून परत केली असती, तरी योगायोगानेच सुमारे ७० टक्के एकमत झाले असते. मतभेदाचे कारण साधे होते. ऑर्डर क्रमांक नसलेले बिल एक जण परत पाठवायचा, दुसरा फोन करून क्रमांक मिळवायचा आणि स्वतःच लिहायचा. हा फोनदेखील दुरुस्तीचेच काम आहे, फक्त तो कुठे नोंदला जात नाही. बिल स्मिथ यांना कारखान्यात जे दिसले त्याचाच हा कागदोपत्री अवतार. ‘बाहेरून माहिती मागवावी लागली की ते परत गेलेले बिल’ अशी व्याख्या लिहून काढली आणि नव्या ५० बिलांवर परीक्षा घेतली, तेव्हा ४८ वर एकमत झाले. त्यानंतरच १२ आठवड्यांची मोजणी केली: १,२०० पैकी २१६ परत, म्हणजे १८ टक्के. व्याख्या बदलण्याआधीचे आकडे यात मिसळले असते, तर पुढची सगळी तुलना खोटी ठरली असती.

विश्लेषणात कारणांची वर्गवारी झाली. ऑर्डर क्रमांक नाही म्हणून ९७, माल आणि बिल यांतले प्रमाण जुळत नाही म्हणून ५२, कराचा तपशील चुकला म्हणून ३१, आणि इतर ३६. बरेच प्रकल्प इथेच थांबतात आणि पुरवठादारांना ‘क्रमांक लिहा’ असे पत्र जाते. ९७ ची आणखी फोड केल्यावर वेगळेच दिसले. त्यातली ७१ बिले फोनवर दिलेल्या ऑर्डरींची होती. अशी बिले १,२०० मध्ये १५० च होती. म्हणजे फोनवरच्या ऑर्डरींत क्रमांकाअभावी निम्म्याच्या आसपास बिले परत जात होती, आणि उरलेल्या १,०५० मध्ये फक्त २६. पुरवठादार क्रमांक लिहिणार कसा? ऑर्डर देताना तो तयारच झालेला नसायचा.

आता हिशेब करू. ही ७१ बिले पूर्ण थांबली, तरी २१६ मधून १४५ उरतात, म्हणजे १२ टक्के. लक्ष्य ९ टक्क्यांचे, म्हणजे १०८ बिलांचे आहे. एका उपायाने ते गाठता येणार नाही हे बदल करण्याआधीच कळले. म्हणून दुसरे कारण हाती घेतले. माल टप्प्याटप्प्याने यायचा, बिल मात्र पूर्ण ऑर्डरचे लागायचे. फोनवर ऑर्डर देतानाच क्रमांक काढून संदेशाने कळवणे आणि आलेल्या प्रत्येक टप्प्याची वेगळी नोंद करणे, असे दोन बदल ठरले. दोन्ही आधी एका विभागात चार आठवडे चालवून पाहिले, मग सगळीकडे नेले.

पहिल्याच आठवड्यात १०० पैकी १२ बिले परत गेली आणि अभिनंदन सुरू झाले. इथे शूहार्टची आकृती उपयोगी पडते. सरासरी १८ टक्के आणि आठवड्याला १०० बिले असतील, तर तीन सिग्माच्या मर्यादा साधारण ६.५ आणि २९.५ टक्क्यांवर येतात. कोणीही काहीही न बदलता १२ चा आठवडा येऊ शकतो. एका आठवड्यावरून यश किंवा अपयश ठरवणे म्हणजे स्वतःची फसवणूक. आठ आठवडे थांबल्यावर ८०० पैकी ७६ बिले परत गेलेली दिसली, म्हणजे ९.५ टक्के. सुधारणा खरी होती, लक्ष्य मात्र अर्ध्या टक्क्याने हुकले. अहवालात ते ‘सुमारे ९’ असे लिहिण्याचा मोह होतो. ९.५ च लिहावे, कारण पुढच्या चार्टची मधली रेघ तीच असणार आहे.

त्या नव्या चार्टमध्ये एक खाच आहे. ९.५ टक्क्यांच्या रेघेवर वरची मर्यादा सुमारे १८.३ येते, म्हणजे जुन्या सरासरीच्याही वर. लोक पुन्हा फोनवर क्रमांकाविना ऑर्डर देऊ लागले आणि प्रमाण १५-१६ वर गेले, तरी बहुतेक आठवडे मर्यादेच्या आतच राहतील. ‘मर्यादेबाहेर गेले तर कळवा’ एवढाच नियम ठेवला, तर सुधारणा हळूहळू विरून जाईल आणि चार्ट गप्प राहील. यावरचा उपायही शूहार्टच्याच कंपनीतला आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९५६ मध्ये काढलेल्या गुणवत्ता नियंत्रणाच्या हस्तपुस्तिकेत एक नियम आहे: सलग आठ ठिपके मधल्या रेघेच्या एकाच बाजूला पडले, की तो इशारा समजावा. आठवड्याच्या मोजणीत त्यासाठी दोन महिने जातात, हा त्याचा तोटा. म्हणून फोनवरच्या किती ऑर्डरींना त्याच दिवशी क्रमांक मिळाला, ही मोजणी सोबत ठेवावी. ती रोज होते, दहा मिनिटांत होते, आणि घसरण बिलांवर दिसण्याआधी तिथे दिसते. चार्टखाली आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: ठिपका कोण मांडणार, आणि इशारा मिळाल्यावर पहिला फोन कोणाला करायचा.